बारा एच७ साठी ड्रिल कोणता?

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका शेडमध्ये जॉब आला होता साधाच. पंचवीस मिलिमीटर जाडीच्या माइल्ड स्टीलच्या २० बेस प्लेट, प्रत्येकीत डॉवेल पिनसाठी चार आरपार भोकं, ड्रॉइंगवर माप १२ एच७. म्हणजे बोअर १२.००० च्या खाली जायला नको आणि १२.०१८ च्या वर जायला नको. शेवटी रीमर फिरवायचा, यावर कुणाचंच दुमत नव्हतं. वाद सुरू झाला तो त्याआधीच्या ड्रिलवरून. व्हीएमसीचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्या भाच्यानं प्रोसेस शीटवर ११.७ लिहिलं. टूलरूममध्ये आयुष्य काढलेल्या मामांनी चष्मा वर करून ते वाचलं आणि म्हणाले, "अकरा पॉइंट सात? आरं लेका, रीमर म्हंजे काय ड्रिल हाय व्हय? अकरा पॉइंट नऊ लाव."

फरक दोन दशांशाचा. वर्कशॉपबाहेरच्या माणसाला तो भांडण्याजोगा वाटणार नाही. पण रीमरच्या दृष्टीनं भाच्याच्या ड्रिलमागून तीन दशांश मटेरियल खायचं आहे आणि मामांच्या ड्रिलमागून एकच दशांश. म्हणजे काम तिप्पट किंवा तिसरा हिस्सा.

मामांचं म्हणणं सरळ होतं. "ड्रिल भोक पाडतंय, रीमर साइज करतंय. फिनिशच्या टूलला जेवढं कमी खायला देशील, तेवढं भोक गुळगुळीत येतंय. मी डायवर एक दशांशाच्या वर कधी ठेवलं न्हाई."

"मामा, कॅटलॉगमध्ये बारा मिलिमीटरच्या रीमरला दोन ते तीन दशांश लिहिलंय," भाचा म्हणाला. "आणि तुमच्या आयटीआयच्या पुस्तकातसुद्धा तेच आहे की."

पुस्तकात खरोखरच आहे. फिटर ट्रेडला शिकलेल्या कुणालाही हे सूत्र आठवेल:

ड्रिल साइज = रीम केलेली साइज − (अंडरसाइज + ओव्हरसाइज)

अंडरसाइज म्हणजे रीमरसाठी मुद्दाम ठेवायचं मटेरियल. ते व्यासावर मोजायचं, एका बाजूवर नाही. पाच मिलिमीटरपर्यंतच्या भोकाला ०.१ ते ०.२, पाच ते वीसला ०.२ ते ०.३, एकवीस ते पन्नासला ०.३ ते ०.५ असा तक्ता त्याच्या खाली असतो. ओव्हरसाइज म्हणजे ड्रिल आपल्या मापापेक्षा भोक जेवढं मोठं पाडतो ते. पुस्तक ते सरसकट ०.०५ धरतं. बारासाठी हिशेब केला तर १२ − (०.२ + ०.०५) = ११.७५, किंवा अंडरसाइज ०.३ धरली तर ११.६५. भाच्याचा ११.७ याच्या बरोबर मधला.

मामा सूत्र विसरले नव्हते. त्यांनी ड्रॉवर उघडला, आपला रीमर काढला आणि भाच्यापुढे धरला. "हे पुस्तक मला सांगू नगंस. ह्या रीमरनं मी शेकड्यांनी डॉवेलची भोकं केली. ह्याला तीन दशांश ठेवलंस तर पाना फिरवून दाखव."

भाच्यानं रीमर हातात घेतला आणि वादाचा निम्मा भाग तिथंच मिटायला हवा होता. शँकच्या टोकाला चौकोन होता, टॅप रेंच बसवण्यासाठी. पुढच्या बाजूला दातांची जवळजवळ पाव लांबी किंचित निमुळती होत गेलेली. हा हँड रीमर. त्याचं कटिंग त्या लांब निमुळत्या भागावर पसरलेलं असतं. प्रत्येक दात अगदी पातळ साल काढत आत शिरतो. हातानं फिरवताना त्याहून जास्त ताकद लावताही येत नाही. डायवर अर्धा ते एक दशांश एवढंच त्याचं खाणं. तीन दशांश ठेवले तर तो अडकतो, माणूस जोर लावतो, रेंच तिरका होतो आणि भोकाचं तोंड फाकतं. मामांचा नियम या रीमरसाठी शंभर टक्के बरोबर होता.

भाच्याच्या होल्डरमधला रीमर वेगळा. तो मशीन रीमर. त्याच्या टोकाला ४५ अंशांची छोटीशी चॅम्फर, आणि कापायचं काम तेवढीच चॅम्फर करते. तिच्या मागची सरळ धार फक्त वाट धरून चालते, कापत जवळजवळ नाहीच. वर्कशॉपमध्ये दोन्हींना नुसतं 'रीमर' म्हणतात आणि एकाचा नियम दुसऱ्याला लावला जातो. बरीच भोकं तिथंच बिघडतात.

"पण मशीन रीमरला कमी दिलं तर तोटा काय?" मामांचा प्रश्न चुकीचा नव्हता. "जास्त दिलं तर जोर पडतोय, हे मी समजू शकतो. कमी दिल्यावर बिघडतंय काय?"

याचं उत्तर चॅम्फरमध्ये आहे. सहा दातांचा बाराचा रीमर एका फेऱ्याला ०.२५ मिलिमीटर पुढं सरकवला, तर प्रत्येक दाताच्या वाट्याला साधारण चार शतांश येतात. चिप किती जाड निघणार हे त्या फीडवर ठरतं. भोकात मटेरियल किती ठेवलंय यावर ठरते ती चिपची रुंदी, म्हणजे चॅम्फरचा किती भाग कामाला लागणार ते. डायवर ०.२५ ठेवलं तर एका बाजूला सव्वाशे मायक्रॉन. चॅम्फरचा बऱ्यापैकी लांब पट्टा कापतो. डायवर ०.०५ ठेवलं तर एका बाजूला पंचवीस मायक्रॉन उरतात, आणि सगळा भार येतो तो चॅम्फर आणि सरळ धार जिथं मिळतात त्या एका कोपऱ्यावर. भोकाची साइज ठरवतो तो नेमका हाच कोपरा. तो तापला, बोथट झाला की रीमर संपला.

आणि पंचवीस मायक्रॉनमध्ये दुसरंही एक अडतं. ड्रिलनं पाडलेलं भोक आतून गुळगुळीत नसतं. त्याला चढउतार असतात आणि त्यांची खोलीच वीस-पंचवीस मायक्रॉनपर्यंत सहज जाते. तेवढंच मटेरियल ठेवलं तर रीमर उंचवटे कापतो, खाचांच्या तळाशी पोचत नाही. भोक गेजला पास होईल, पण आत ड्रिलच्या वळ्या तशाच दिसतील.

"हे पुस्तकातलं बोलणं झालं," मामा म्हणाले. "प्लेटवर दाखव."

स्क्रॅपमधून त्याच मटेरियलचा तुकडा निघाला. पिलर ड्रिलवर मामांच्या म्हणण्याप्रमाणे हायस्पीडचा ११.९ चा ड्रिल लावला आणि एकाच दमात भोक पाडलं. मग मशीन रीमर, वेग मिनिटाला साधारण २६५ फेरे, भरपूर कटिंग ऑइल. रीमर आत जाताना किंचाळला. फ्लूटमध्ये वळलेल्या चिपऐवजी पिठासारखा कीस आला. भोकात टॉर्च मारली तर वरचा तिसरा हिस्सा मळकट, त्यात ड्रिलच्या गोल रेषा स्पष्ट. खाली मात्र आरशासारखे चकचकीत पट्टे. चकचकीत म्हणून खूश होऊ नये. ते कापून आलेलं तेज नव्हतं, घासून आलेलं होतं. असं घासणं चालू राहिलं की स्टील दबून पुन्हा थोडं वर येतं, भोक किंचित लहान राहतं आणि पाच-दहा भोकांनंतर गो गेज अडखळायला लागतो.

वरचाच भाग का राहिला? ड्रिल प्लेटवर टेकताना थोडा भरकटतो, तोंडाशी भोक मोठं होतं. तिथं रीमरला खायला काही उरलंच नव्हतं.

इथं भाचा जिंकल्यासारखा हसला, आणि मामांना हवी होती ती संधी मिळाली. "आता तुझं अकरा पॉइंट सात मार. आणि रीमर लावायच्या आधी मला भोक मापून दाखव."

भाच्यानं भोक पाडलं आणि व्हर्निअर लावला. ११.७७. "बघा. सात शतांश ओव्हरसाइज. पुस्तकाला जवळ."

मामांनी खिशातून एक पिन काढली. ती त्यांनी स्वतः लेथवर केलेली, पायऱ्यापायऱ्यांची: ११.७०, ११.७५, ११.८०, ११.८५, ११.९०. ११.८० ची पायरी आरामात गेली. ११.८५ चीही गेली. ११.९० ची थांबली. म्हणजे भोक ११.८५ च्या पुढं होतं आणि व्हर्निअर ११.७७ दाखवत होता.

व्हर्निअरनं फसवलं नाही, त्याचा स्वभावच तो. आतलं माप घेणाऱ्या त्याच्या जबड्यांच्या कडांना थोडी सपाट रुंदी असते. लहान भोकाच्या गोलाईत त्या कडा पूर्ण भिडत नाहीत, म्हणून माप नेहमी कमी येतं. भोक जितकं लहान, चूक तितकी मोठी. रीमिंगचा सगळा हिशेब एक-दोन दशांशाचा असताना त्यातले काही शतांश मोजतानाच हरवणं परवडत नाही. तीन टेकूंचा इनसाइड मायक्रोमीटर असेल तर उत्तम, नाहीतर पिन गेज, आणि तेही नसतील तर मामांसारखी पायऱ्यांची पिन. ती करायला अर्धा तास लागतो आणि वर्षानुवर्षं चालते.

"ड्रिलवर सात लिहिलंय म्हणून भोक सातचं होतंय व्हय?" मामा आता रंगात आले होते. "ड्रिलची धार बघ."

धार बघितली. एक कटिंग लिप दुसरीपेक्षा नजरेला दिसण्याइतकी लांब होती. कुणीतरी घाईत ग्राइंडरवर हातानं धार लावलेली. लिप असमान झाल्या की ड्रिलचं टोक त्याच्या मध्यरेषेवर राहत नाही. तो जणू एका बाजूला सरकून फिरतो आणि भोक आपल्या अंगापेक्षा मोठं करतो. गंमत म्हणजे ड्रिल स्वतः मोठा नसतोच. नवा ११.७ चा ड्रिल मायक्रोमीटरवर ११.७०० भरेल किंवा त्याहून कमीच. एच८ टॉलरन्समध्ये त्याला सत्तावीस मायक्रॉन लहान असायची मुभा आहे, मोठं असायची नाही. शिवाय टोकापासून शँककडे तो किंचित बारीक होत जातो, त्यामुळे धार लावून लावून आखूड झालेला ड्रिल आणखी थोडा लहान भरतो. ड्रिल लहान आणि भोक मोठं, अशी ही जोडी असते. मधला फरक धार, स्पिंडलचा रनआउट आणि सुरुवातीला स्पॉट ड्रिल मारला की नाही, यांचा.

मामांनी ड्रिलला पुन्हा धार लावली, ड्रिल गेजवर दोन्ही लिपची लांबी आणि कोन मिळवून घेतला. तोच ड्रिल, तीच मशीन. पिनची ११.७५ ची पायरी गेली, ११.८० ची थांबली.

आता सूत्रातल्या त्या ०.०५ कडे परत बघितलं पाहिजे. पुस्तकानं तो आकडा सरसकट दिला तो शिकणाऱ्याच्या सोयीसाठी. नीट धार लावलेल्या ड्रिलला, चांगल्या मशीनवर, तो बऱ्यापैकी लागू पडतो. याच शेडमध्ये एकाच ड्रिलनं धारेच्या आधी दीड दशांशाहून जास्त ओव्हरसाइज दिली आणि धारेनंतर एक दशांशाच्या आत. हा फरक रीमिंग अलाउन्सच्या निम्म्याएवढाही असू शकतो. म्हणजे प्रोसेस शीटवर अंडरसाइज ०.२ घ्यायची की ०.३ यावर घोळ घालण्यात अर्थ नाही, जोपर्यंत ओव्हरसाइज स्वतःच्या मशीनवर मोजलेली नाही.

मोजल्यावर हिशेब उलट्या बाजूनं करायचा. आधी रीमर मोजायचा. बाराचा एच७ रीमर बरोबर बाराचा नसतो. तो साधारण १२.००८ ते १२.०१५ च्या दरम्यान बनवतात, कारण रीमर स्वतःही भोक थोडं मोठं करतो आणि झिजायलाही जागा लागते. भाच्याचा रीमर १२.०१ भरला. मग मशीन रीमरला या मटेरियलमध्ये कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती द्यायचं ते ठरवायचं: दोघांच्या संमतीनं ०.१५ आणि ०.३०. म्हणजे रीमर लागण्यापूर्वी भोक ११.७१ ते ११.८६ यात कुठंही असलं तरी चालेल. आता असा ड्रिल निवडायचा, ज्याचं सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठं भोक, दोन्ही या खिडकीत बसतील.

स्क्रॅपवर चांगल्या धारेनं आठ-दहा भोकं मारली, तेव्हा पिलर ड्रिलवर ओव्हरसाइज ०.०३ ते ०.१२ मध्ये फिरत होती. ११.७ चा ड्रिल घेतला तर भोक ११.७३ ते ११.८२. दोन्ही टोकं आत. ११.८ चा घेतला तर ११.८३ ते ११.९२, बरीच भोकं बाहेर, आणि ती घासली जाणार. ११.५ चा घेतला तर ११.५३ ते ११.६२, सगळीच बाहेर, दुसऱ्या बाजूनं.

हा ११.५ मुद्दाम काढला, कारण उद्यमनगरात काय किंवा भोसरीत काय, बाराच्या रीमरआधी ११.५ मारणारे बरेच सापडतात. कारण एवढंच की ड्रिलच्या पेटीत साइज अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरनं असतात. पेटीत आहे तो लावला. चार-पाच दशांश ठेवल्यावर रीमरच्या फ्लूट भरतात. त्या ड्रिलच्या फ्लूटइतक्या खोल नसतातच. चिपला बाहेर पडायला जागा मिळत नाही, ती भिंतीवर घासत वर येते आणि उभे ओरखडे काढते. धारेवर स्टीलचा गोळा चिकटतो, तो स्वतःच कापायला लागतो, आणि नो गो गेज आत शिरतो. कमी मटेरियल ठेवण्याची चूक भोकात गोल रेषांनी कळते, जास्त ठेवण्याची उभ्या ओरखड्यांनी. टॉर्च आणि दोन मिनिटं एवढंच लागतं.

"म्हंजे माझं अकरा पॉइंट नऊ गेलं," मामा म्हणाले.

"पिलर ड्रिलवर मशीन रीमरला गेलं. माझंही सात व्हीएमसीवर जाणार आहे, मामा."

आणि तसंच झालं. २० प्लेट शेवटी व्हीएमसीवर मारायच्या होत्या, कार्बाइड ड्रिलनं. कार्बाइड ड्रिल ताठ असतो, त्याची धार मशीनवर लावलेली असते, होल्डरमध्ये रनआउट डायलनं तपासता येतो. स्क्रॅपवर त्याची ओव्हरसाइज ०.०१ ते ०.०३ च्या पुढं गेली नाही. अशा ड्रिलला ११.७ घेतला तर भोक ११.७१ ते ११.७३, म्हणजे रीमरला ०.२८ ते ०.३०. खिडकीच्या अगदी काठावर, रीमरवर उगाच भार. ११.८ घेतला तर ११.८१ ते ११.८३, मटेरियल ०.१८ ते ०.२०. प्रोसेस शीटवर ११.७ खोडून ११.८ झालं.

एकच बोअर, एकच रीमर, पण पिलर ड्रिलला ११.७ आणि व्हीएमसीला ११.८. तक्त्यात बारासमोर एकच ड्रिल छापलेला असतो, तो या दोन मशीनपैकी कुठल्या मशीनसाठी हे तिथं लिहिलेलं नसतं.

मामांना मात्र अजून एक मुद्दा काढायचा होता, आणि तो भाच्याच्या हिशेबात कुठंच नव्हता. "साइज झाली. जागेचं काय? भोक कललं असंल तर रीमर सरळ करतंय?"

करत नाही. रीमर ड्रिलनं पाडलेल्या वाटेनंच जातो. ड्रिल दीड दशांश भरकटला असेल तर रीम केलेलं भोकही तिथंच होणार, फक्त गुळगुळीत आणि मापात. काही जण यासाठी मुद्दाम जास्त मटेरियल ठेवतात, की रीमर वाकडेपणा काढून टाकेल. उलटं होतं. एका बाजूचे दात जास्त खातात, दुसऱ्या बाजूचे कमी, रीमर ढकलला जातो आणि भोक मोठं किंवा तोंडाशी फाकलेलं येतं. जागेची चूक अलाउन्स वाढवून निघत नाही. ती रीमरच्या आधीच्या ऑपरेशनमध्ये काढावी लागते.

यावर दोघांचे मार्ग वेगळे होते आणि दोन्ही चालणारे. भाच्याचा असा: स्पॉट ड्रिल, मग ११ चा ड्रिल, मग छोट्या बोरिंग बारनं ११.८, मग रीमर. बोरिंग बार भोकाच्या वाटेनं जात नाही, स्पिंडलच्या मध्यरेषेवर फिरतो, म्हणून जागा तिथं सुधारते. वेळ जास्त लागतो. ड्रॉइंगवर भोकांच्या अंतराला दोन-तीन शतांशाचं टॉलरन्स असेल तरच परवडतो. या प्लेटवर ते दशांशात होतं, म्हणून बोरिंग वगळलं.

मामांचा मार्ग टूलरूमचा. ज्या दोन प्लेट डॉवेलनं जोडायच्या त्या आधी बोल्टनं आवळायच्या, जागेवर ठोकून डायल लावून बसवायच्या आणि मग दोन्हींतून एकदम ड्रिल आणि रीमर मारायचा. भोक दोन दशांश इकडं-तिकडं झालं तरी दोन्ही प्लेटमध्ये सारखंच झालं, डॉवेल बसतोच. तिथं मशीन नेता येत नसेल तर हँड रीमर लागतो, आणि तिथंच त्यांचा ११.९ परत येतो. पण ११.९ सुद्धा ते एकदम मारत नाहीत. आधी ११ चा, मग ११.९ चा. दुसऱ्या ड्रिलला मधलं मटेरियल कापायचं नसतं, तो भरकटत नाही, आणि भोक ११.९२-११.९३ च्या आसपास राहतं. रीमरला आठ-नऊ शतांश उरतात. हे त्यांनी सुरुवातीला सांगितलंच नव्हतं. त्यांच्या लेखी ते सांगायची गोष्ट नव्हती. भाच्यानं तो ड्रिल स्क्रॅपवर एकाच दमात मारला आणि मामांचा नियम हरला, त्यात मामांचाही वाटा आहे.

मधला ड्रिल निवडतानाही थोडं बघावं लागतं. ११.५ मारून मग ११.७ मारला तर दोन धारांच्या ड्रिलला एका बाजूला एक दशांश खायला उरतो. तो धडधडतो, पकडतो आणि तोंडाशी भोक तिकोनी करतो. मध्ये निदान सात-आठ दशांश ते एक मिलिमीटरचं अंतर ठेवलं की दुसरा ड्रिल शांत चालतो.

माइल्ड स्टीलपुरतं हे झालं. मटेरियल बदललं की खिडकी सरकते. ॲल्युमिनियमसारख्या मऊ धातूला पुस्तक अंडरसाइज दीडपट घ्यायला सांगतं, कारण थोडंसं मटेरियल कापलं जाण्याऐवजी दाबलं जातं आणि धारेला चिकटतं. स्टेनलेस ३०४ मध्ये कमी ठेवणं सर्वांत महाग पडतं. रीमर एकदा घासला की पृष्ठभाग कडक होतो आणि पुढचा दात त्या कडक सालीवर फिरतो. बिडाच्या कास्टिंगमध्ये, जे कोल्हापूरला रोजचंच, चिप भुकटीसारखीच निघते, म्हणून कीस बघून काही ठरवता येत नाही. तिथं भोकातल्या रेषाच बघाव्या लागतात.

पहिल्या पाच प्लेट निघाल्या तेव्हा एका भोकात नो गो गेज शिरला. भाचा लगेच ड्रिल बदलायला निघाला. मामांनी अडवलं. पिनची पायरी बाकीच्या न रीम केलेल्या भोकांत घालून बघितली: ११.८० ची गेली, ११.८५ ची थांबली, सगळीकडे सारखी. ड्रिल निर्दोष होता. डायल रीमरवर लावली तर चार शतांश रनआउट. कोलेटमध्ये कीस अडकला होता. कोलेट पुसलं, रनआउट शतांशाच्या आत आला, पुढची भोकं १२.०१२ च्या आसपास येत राहिली. भोक रीमिंगनंतर मोठं आलं की आधी रीमर आणि होल्डर बघायचा. ड्रिल साइजला हात लावायचा तो रीमिंगपूर्व भोक मापून झाल्यावरच.

२० प्लेटच्या प्रोसेस शीटवर शेवटी दोन ओळी राहिल्या. एक भाच्याची: कार्बाइड ड्रिल ११.८, मशीन रीमर १२ एच७, वेग २६५, फीड ०.२५. दुसरी मामांनी हातानं लिहायला लावली, आणि बहुतेक शीटवर ती नसते: रीमिंगपूर्वी भोक ११.८१ ते ११.८३, प्रत्येक दहाव्या भोकाला पिन गेज लावून तपासणे. ज्यांच्या शीटवर फक्त ड्रिलचा आकडा आहे, त्यांनी पुढच्या जॉबपासून त्याच्याशेजारी भोकाचाही आकडा लिहावा.